हा बाण काय म्हणतो?

माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी दुसऱ्या प्रकरणातली आकृती उघडली, तिच्यातल्या एका बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा बाण काय म्हणतो?" आकृतीत पाच चौकटी होत्या आणि जवळपास प्रत्येकीपासून प्रत्येकीकडे दोन्ही टोकांना टोकदार असे बाण होते. मी म्हटलं, "या दोन्हींचा परस्परसंबंध आहे." त्यांनी विचारलं, "कसला?" मी आकृतीच्या वरचा परिच्छेद वाचून दाखवायला लागले आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हे परिच्छेदालाही माहीत नाही. 'निगडित आहे', 'महत्त्वाची भूमिका बजावते', 'परिणामकारक ठरते' अशी सगळी वाक्यं होती. वाचायला ती ठीक होती, पण एकातूनही ठाम बाण काढता येत नव्हता.

त्या दिवसापासून संकल्पनात्मक आराखडा, म्हणजे अभ्यासातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध दाखवणारी मांडणी, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय झाला. आता संशोधन करणारी मुलं त्यांचे परिच्छेद घेऊन माझ्याकडे येतात आणि आम्ही मिळून त्यांची आकृती काढतो. असाच एक परिच्छेद इथे पहिल्यापासून उलगडून दाखवते. तो परिचारिकांवर काम करणाऱ्या एका मुलीचा आहे आणि तिच्या परवानगीने थोडा आखडून घेतला आहे.

"रुग्णालयातल्या परिचारिकांवर कामाचा ताण मोठा असतो. या तणावामुळे त्यांना भावनिक थकवा जाणवतो, जो नोकरी सोडण्याच्या इच्छेशी निगडित आहे. या प्रक्रियेत वरिष्ठांचा पाठिंबा महत्त्वाची भूमिका बजावतो. वय, अनुभव आणि पाळी यांसारखे घटकही परिणामकारक ठरतात. अशा रीतीने कामाचं वातावरण, परिचारिकांचं मानसिक स्वास्थ्य आणि त्यांचं संस्थेत टिकून राहणं या बाबी परस्परांत गुंतलेल्या आहेत."

सोबत तिने आकृतीही आणली होती. स्लाइडच्या सॉफ्टवेअरमधला तयार साचा घेऊन सहा रंगीत चौकटी वर्तुळात मांडलेल्या आणि त्यांच्याभोवती फिरणारे बाण. मार्गदर्शकांनी त्यावर फक्त 'स्पष्ट करा' असं लिहिलं होतं. तिला वाटत होतं की चित्र नीट जमलेलं नाही. मी आकृती बाजूला ठेवली आणि परिच्छेदातलं प्रत्येक नाम एकेका चिठ्ठीवर लिहायला सांगितलं.

अकरा चिठ्ठ्या झाल्या. कामाचा ताण, तणाव, भावनिक थकवा, नोकरी सोडण्याची इच्छा, वरिष्ठांचा पाठिंबा, वय, अनुभव, पाळी, कामाचं वातावरण, मानसिक स्वास्थ्य, टिकून राहणं. आकृतीत चौकट मिळवायची असेल तर चिठ्ठीने एका साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं: एका परिचारिकेच्या बाबतीत हे किती आहे, किंवा कोणतं आहे? थकवा किती, हे विचारता येतं. पाळी कोणती, हेही विचारता येतं. कामाचं वातावरण किती, असं विचारलं की जीभ अडखळते. कारण ते कार्यभार, पाठिंबा आणि आणखी बऱ्याच गोष्टींवर धरलेल्या छत्रीचं नाव आहे. छत्री आणि तिच्याखालची माणसं एकाच रांगेत उभी करता येत नाहीत. फार तर दोन-तीन चौकटींभोवती ठिपक्यांची रेघ ओढून तिच्यावर ते नाव लिहिता येतं. इथे त्याचीही गरज नव्हती. ती चिठ्ठी गेली.

सर्वांत जास्त वेळ पहिल्या चिठ्ठीवर गेला. मराठीत 'ताण' हा शब्द दोन्हीकडे चालतो. डोक्यावरच्या ओझ्याला आपण ताण म्हणतो आणि त्या ओझ्याने मनात जे होतं त्यालाही ताणच म्हणतो. तिच्या पहिल्या वाक्यात 'कामाचा ताण' होता, दुसऱ्यात तोच 'तणाव' झाला होता, आणि वाचताना ते कुणालाही खटकलं नसतं. मी विचारलं, "तुझ्या प्रश्नावलीत नेमकं काय विचारलंय?" तिने पानं उलटली. एका पाळीत किती रुग्ण सांभाळावे लागतात, पाळी संपल्यावर किती वेळ थांबावं लागतं, किती कामं पुढच्या पाळीवर सोडावी लागतात. म्हणजे ती ओझंच मोजत होती. मनात काय होतं ते पुढे, भावनिक थकव्याच्या प्रश्नांत होतं.

हा भेद टाळला असता तर काय झालं असतं, ते सांगायला हवं. 'तणाव' म्हणजे मनातली घालमेल धरली आणि तिचा बाण 'भावनिक थकव्या'कडे काढला, तर जवळजवळ एकाच गोष्टीला दोन नावं देऊन त्यांच्यात बाण काढल्यासारखं होतं. आकडेमोडीत तो बाण अतिशय भक्कम निघतो. 'मी कामाने बेजार होते' आणि 'काम मला पिळून काढतं' या दोन विधानांना माणसं सारखीच उत्तरं देणार. संशोधकाला वाटतं की गृहीतक सिद्ध झालं, पण सिद्ध काहीच झालेलं नसतं. म्हणून चौकटीवर आम्ही 'कार्यभार' लिहिलं आणि 'तणाव' ही चिठ्ठी त्याच्यात विलीन केली.

उरलेल्यांपैकी 'मानसिक स्वास्थ्य' तिने मोजलंच नव्हतं. मोजला होता त्याचा एक कोपरा, भावनिक थकवा. 'टिकून राहणं' हेही मोजलेलं नव्हतं. ती विचारत होती सोडण्याची इच्छा. इच्छा असूनही माणसं वर्षानुवर्षं टिकतात, आणि कधी इच्छा नसताना सोडून जातात. शिवाय 'टिकणं' हे नाव आलं की सगळी चिन्हं उलटी होतात, अधिकाचं उणे होतं. एका परिच्छेदात 'सोडणं' आणि 'टिकणं' दोन्ही असले की वाचणारा प्रत्येक वाक्यात मनातल्या मनात चिन्ह बदलत बसतो. तेव्हा चार चिठ्ठ्या गेल्या आणि सात राहिल्या. त्यांतल्या चार मुख्य: कार्यभार, भावनिक थकवा, नोकरी सोडण्याची इच्छा, वरिष्ठांचा पाठिंबा. वय, अनुभव आणि पाळी तूर्त टेबलाच्या कडेला ठेवल्या.

आता बाण. बाणाचा प्रकार मराठीत शब्दाच्या शेपटीला लटकलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. '-मुळे' आलं की सरळ, एका टोकाचा बाण. '-मार्फत' किंवा '-तून' आलं की मध्ये एक चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाण. '-वर अवलंबून' किंवा 'असेल तर' आलं की दुसऱ्या बाणावर टेकणारा बाण. आणि '-शी निगडित' आलं की लेखकाने अजून ठरवलेलं नाही. त्यासाठी दोन टोकांची वाकडी रेघ आहे, आणि ती प्रामाणिकपणे वापरली तर तिच्यात गैर काही नाही. सूअल राइट या आनुवंशिकीतज्ज्ञाने १९२०च्या सुमारास गिनीपिगच्या अंगावरच्या पांढऱ्या डागांचा अभ्यास करताना अशा आकृत्या काढल्या. कारणाचा बाण एका टोकाचा आणि ज्याचं कारण शोधायचं नाही अशा सहसंबंधाचा बाण दोन टोकांचा, ही रीत तिथूनच चालत आली आहे. माझ्या प्रबंधात दोन टोकांचे बाण याच्या उलट कारणासाठी होते. मला कारण सांगायचं होतं, पण ते कोणत्या दिशेने जातं याचा विचार मी केला नव्हता.

तिच्या परिच्छेदात 'तणावामुळे थकवा' हा बाण स्वच्छ होता. 'थकवा सोडण्याच्या इच्छेशी निगडित' इथे तिला दिशा ठरवावी लागली, आणि ती तिने सहज ठरवली. अडलं ते 'महत्त्वाची भूमिका बजावतो' या शब्दांपाशी.

मी तिला तीन कोरे कागद दिले आणि पाठिंब्याच्या तीन वेगवेगळ्या आकृत्या काढायला सांगितल्या. पहिलीत पाठिंब्याचा बाण थेट थकव्याच्या चौकटीत जातो: पाठिंबा असला की थकवा कमी, काम थोडं असो वा फार. दुसरीत पाठिंब्याचा बाण कार्यभाराकडून थकव्याकडे जाणाऱ्या बाणाच्या मध्यावर टेकतो: पाठिंबा असला की कार्यभाराचा डंख बोथट होतो. तिसरीत कार्यभारातून पाठिंब्याकडे आणि पाठिंब्यातून थकव्याकडे बाण जातात: काम वाढलं की वरिष्ठांनाही विचारपूस करायला सवड उरत नाही, पाठिंबा आटतो आणि त्यामुळे थकवा येतो. तिन्हींत तोच पाठिंबा, त्याच चौकटी. तिचं मूळ वाक्य तिन्हींना लागू पडत होतं आणि म्हणूनच ते कशाचंच वर्णन नव्हतं.

दुसरी आणि तिसरी यांची गल्लत इतकी सर्रास होते की रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये खास हाच भेद मांडणारा लेख लिहिला. मध्ये उभा राहून परिणाम पुढे पोचवतो तो मीडिएटर, आणि परिणामाची ताकद किंवा दिशा बदलतो तो मॉडरेटर. नावं तोंडपाठ असूनही गल्लत होते, कारण आपण नावावरून आकृती काढायला जातो. त्यापेक्षा आकडे मनात आणलेले बरे.

समजा थकवा १ ते ५ या मापात आहे. पाठिंबा तोकडा असलेल्या वॉर्डात काम कमी असताना थकवा २ आणि काम खूप असताना ४. चांगला पाठिंबा असलेल्या वॉर्डात तेच आकडे १ आणि ३ असतील, तर पाठिंब्याने दोन्हीकडे सारखाच एक अंक कमी केला. दोन रेघा समांतर, म्हणजे पहिली आकृती. पण चांगल्या पाठिंब्याच्या वॉर्डात आकडे २ आणि २.५ असतील, तर निवांत दिवशी पाठिंब्याने काहीच फरक पडला नाही आणि गर्दीच्या दिवशी दीड अंकाचा पडला. रेघा एका टोकाला एकत्र आणि दुसऱ्या टोकाला फाकलेल्या, म्हणजे दुसरी आकृती. तिला मी विचारलं, "तू ज्यांच्याशी बोललीस, त्या काय सांगत होत्या?" ती लगेच म्हणाली, "काम नसेल तेव्हा इन्चार्ज असल्या काय, नसल्या काय, सारखंच. पण गर्दीच्या रात्री त्या सोबत उभ्या राहिल्या तर रात्र निघते." आणि मग स्वतःच दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाली, "ताई, हा."

यातून मला एक कसोटी मिळाली आहे आणि ती मी प्रत्येक बाणाला लावते. बाण 'जितका–तितका'त बोलता आला पाहिजे. कार्यभार जितका जास्त, तितका थकवा जास्त. थकवा जितका जास्त, तितकी सोडण्याची इच्छा प्रबळ. पाठिंब्याचा बाण मात्र असा सरळ बोलता येत नाही. तो बोलायला आधी एक अख्खं जितका–तितका वाक्य लागतं आणि मग 'पाठिंबा असेल तिथे हे सैल पडतं' असं म्हणावं लागतं. ज्या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य आहे, त्याचा बाण बाणावरच टेकणार.

इथपर्यंत आकृती अशी झाली होती: डावीकडे कार्यभार, मध्ये भावनिक थकवा, उजवीकडे नोकरी सोडण्याची इच्छा, आणि वर पाठिंबा, ज्याचा बाण पहिल्या बाणावर उतरतो. ती खूश होती. मी तिला रिकाम्या जागेकडे बघायला सांगितलं. कार्यभारापासून सोडण्याच्या इच्छेपर्यंत थेट बाण नव्हता.

न काढलेला बाणही बोलतो, आणि काढलेल्यापेक्षा मोठ्याने बोलतो. काढलेला बाण एवढंच म्हणतो की इथे काहीतरी परिणाम असावा. न काढलेला म्हणतो की इथे अजिबात नाही, शून्य. तिच्या आकृतीचा अर्थ असा होत होता, की कार्यभारामुळे नोकरी सोडावीशी वाटते ती फक्त आणि फक्त थकव्यातून. थकलेली नसलेली परिचारिका कामाच्या ओझ्यापायी नोकरी सोडायचा विचार कधीच करत नाही. हे तिला म्हणायचं होतं का? मुळीच नाही. घरी लहान मूल असलेली बाई थकायच्या आधीच हिशेब करते आणि कमी तासांची जागा शोधते, हे तिला मुलाखतींतून माहीत होतं. परिच्छेदात ही गोष्ट कुठेच नव्हती आणि तिची उणीवही भासत नव्हती, कारण परिच्छेदात न लिहिलेलं वाक्य दिसत नाही. आकृतीत दोन चौकटींमधली पांढरी जागा दिसते. आम्ही थेट बाण काढला. प्रत्येक आकृतीत मी आता जोड्या मोजते. मुख्य चौकटी चार म्हणजे जोड्या सहा; बाण नसलेल्या प्रत्येक जोडीसाठी 'इथे खरंच काही नाही ना?' असं मोठ्याने विचारायचं.

शेवटच्या वाक्यातलं 'परस्परांत गुंतलेल्या' राहिलं होतं. तिच्या मनात एक खरं चक्र होतं: परिचारिका सोडून गेल्या की उरलेल्यांवरचं काम वाढतं, त्या थकतात, त्यांतल्या काही जातात. म्हणून तिला उजवीकडून डावीकडे परत जाणारा बाण हवा होता. पण तो निघणार कुठून? इच्छेने कुणाचं काम वाढत नाही. काम वाढतं प्रत्यक्ष सोडून गेल्याने, आणि ती चौकट आकृतीत नव्हती. शिवाय तिने प्रश्नावली एकदाच भरून घेतली होती, तेव्हा फिरून येणारा परिणाम तपासायला दुसरी वेळच नव्हती. तिला वाईट वाटलं, कारण हा तिचा सर्वांत आवडता विचार होता. मी म्हटलं, तो टाकू नकोस, अभ्यासाच्या मर्यादांमध्ये पूर्ण परिच्छेद लिही. आकृतीत मात्र तेवढंच राहू दे जे तू तपासणार आहेस.

रेखाटनाबद्दल थोडंच सांगते. बाण शक्यतो डावीकडून उजवीकडे जावेत, एकमेकांना छेदू नयेत. चौकटीत नामच असावं, वाक्य नको. प्रत्येक बाणाला गृहीतकाचा क्रमांक आणि चिन्ह असावं: गृ१ (+), गृ२ (+), थेट बाणाला गृ३ (+), पाठिंब्याच्या बाणाला गृ४ (−). आकृती कागदावर जेवढी छापली जाणार तेवढ्याच रुंदीत काढावी. मोठ्या स्लाइडवर काढून लहान केली की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि काने-मात्रे बुजतात. अर्थ केवळ रंगावर सोपवू नये, कारण प्रबंधाच्या प्रती काळ्या-पांढऱ्या निघतात. आणि एक अडचण सगळ्यांनाच येते: स्लाइडच्या सॉफ्टवेअरमध्ये बाण चौकटीला चिकटतो, बाणाला चिकटत नाही. मग कंटाळून मुलं पाठिंब्याचा बाण जवळच्या चौकटीला जोडतात आणि दुसऱ्या आकृतीची पहिली होऊन बसते. उपाय सोपा आहे. पहिल्या बाणाच्या मध्यावर एक बारीक ठिपका काढायचा आणि बाण त्या ठिपक्याला चिकटवायचा.

आकृती झाल्यावर बहुतेक जण जुना परिच्छेद तसाच ठेवून त्याखाली आकृती चिकटवतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आकृती काढताना विचार बदललेला असतो आणि परिच्छेद जुनाच राहतो. आकृतीत 'कार्यभार', मजकुरात 'कामाचा ताण'. आकृतीत चार गृहीतकं, मजकुरात तीन. मराठीत एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असं शाळेपासून शिकवलेलं असल्यामुळे आपण हौसेने पर्यायी शब्द घालतो. इथे ती सवय सोडावी लागते. चौकटीवर जे नाव आहे तेच, अक्षरशः तेच, मजकुरात दर वेळी यायला हवं. मी तिला मजकूर नव्याने, आकृती समोर ठेवून, बाणांच्या क्रमाने लिहायला लावला. तो असा झाला:

"आकृती २.१ डावीकडून उजवीकडे वाचावी. कार्यभार जितका जास्त, तितका भावनिक थकवा जास्त, असं येथे मानलं आहे (गृ१). भावनिक थकवा जितका जास्त, तितकी नोकरी सोडण्याची इच्छा प्रबळ (गृ२). थकवा नसतानाही कार्यभारामुळे नोकरी सोडण्याची इच्छा वाढू शकते, म्हणून या दोहोंत थेट बाण आहे (गृ३). वरिष्ठांचा पाठिंबा भावनिक थकवा कमी करतो (गृ४). वय, अनुभव आणि पाळी तुटक रेषेच्या चौकटीत दाखवले आहेत. त्यांच्याविषयी गृहीतक मांडलेलं नाही, विश्लेषणात त्यांचा प्रभाव वेगळा काढला आहे."

शेवटची तपासणी मी नेहमी तिसऱ्या माणसाकडून करून घेते. आकृती झाकायची, फक्त मजकूर द्यायचा, कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, यावरून आकृती काढ. विषय न कळणारा माणूस असेल तर जास्त चांगलं. तिची एक मैत्रीण बाहेर वाट बघत बसली होती, तिला बोलावलं. तिने दहा मिनिटांत चार चौकटी मांडल्या, गृ१, गृ२, गृ३ बरोबर काढले आणि पाठिंब्याचा बाण थेट थकव्याच्या चौकटीत नेला. चूक तिची नव्हती. वाक्यच तसं होतं. 'पाठिंबा भावनिक थकवा कमी करतो' हे पहिल्या आकृतीचं वाक्य आहे, आणि इतका वेळ दुसरीवर घालवूनही आम्हा दोघींच्या नजरेतून ते निसटलं होतं. वाक्य बदललं: "वरिष्ठांचा पाठिंबा जिथे जास्त, तिथे गृ१ मधला संबंध सौम्य होतो, म्हणून पाठिंब्याचा बाण चौकटीकडे न जाता गृ१च्या बाणावर टेकतो, आणि त्यावरचं उणे चिन्ह हा संबंध सौम्य होणं दाखवतं (गृ४)."

मैत्रिणीने दुसरा कागद घेतला. या वेळी पाठिंब्याचा बाण बरोबर बाणावर उतरला. मग ती वय, अनुभव आणि पाळी यांच्या तुटक चौकटीपाशी पेन्सिल धरून थांबली. "यांचा बाण कुठे नेऊ? नुसता इच्छेकडे, का थकव्याकडेही?"

आम्ही दोघींनी मजकूर पाहिला. 'प्रभाव वेगळा काढला आहे', एवढंच होतं. कुणावरचा, ते नव्हतं. तिच्या आकृतीत बाण फक्त इच्छेकडे जात होता, आणि रात्रपाळीने माणूस थकतो हे तर तिला मुलाखतींतून पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "हे मी ठरवलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि मैत्रिणीच्या हातातली पेन्सिल घेऊन पुन्हा कागदावर वाकली.